लहान मुलांच्या वापरलेल्या कपड्यांचा लॉट विकताना नग, साइज, ग्रेड आणि वजन कसं लिहायचं?

मृण्मयी_पुणे
नमस्कार मंडळी. लेक आता अडीच वर्षांची झाली आणि तिचे जन्मापासूनचे कपडे दोन मोठ्या बॅगा भरून पडले होते. जून महिन्यात एका ग्रुपवर जाहिरात टाकली. जशीच्या तशी देते: "मुलीचे ५४ कपडे, ० ते २ वर्षे, उत्तम कंडिशन, एकूण वजन साडेचार किलो, २५०० रुपये." नागपूरच्या एका ताईंनी घेतला. पार्सल पोचल्यावर त्यांचा फोन आला की ५४ कुठे आहेत, मोजे-टोप्या धरून ५४ भरतात, वजन ४ किलो १०० आलं, तीन कपड्यांवर गळ्याशी पिवळे डाग आहेत आणि त्यांच्या बाळाला यातले जेमतेम १५-१६ होतील. मी लॉट परत मागवला, सगळे पैसे दिले, जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या अंगावर. पैशाचं जाऊ दे पण मला फसवणारी समजल्या याचं फार लागलं, कारण मी एकही गोष्ट मुद्दाम खोटी लिहिली नव्हती. डाग तर मी पॅक करताना नव्हतेच, शप्पथ.

तर प्रश्न असा की लॉटची जाहिरात नेमकी कशी लिहायची? आणि वजन लिहावं की नाही, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू झाली असं मला वाटतंय.

पराग७८
वजन लिहायचंच आणि सरळ किलोच्या भावाने विकायचं. पुस्तकांची प्रदर्शनं लागतात ना किलोवर, लोक रांगा लावून घेतात. ३०० रुपये किलो म्हण, विषय संपला. नग मोजत बसायची गरजच नाही.

झिपरी
अगं विकतेस कशाला, कुणा गरजूला देऊन टाक. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाला आम्ही सगळं दिलं. बाळाचे कपडे विकायचे नसतात.

मृण्मयी_पुणे
@झिपरी, दिलेतही गं, पहिल्या चार महिन्यांचे लंगोट, दुपटी सगळी दिली. हे राहिलेले चांगले आहेत आणि मला त्या पैशातून तिची पुढच्या साइजची खरेदी करायची आहे. प्रश्न विकावं का हा नाहीये, कसं लिहावं हा आहे.

परसातली_जाई
आमच्या वेळी बोहारीण यायची दारात डोक्यावर पाटी घेऊन. साड्या, शर्ट, पोरांचे कपडे सगळं तिच्यापुढे टाकायचं आणि ती एकेक उचलून उजेडाकडे धरायची. पातळ झालेलं असलं की बाजूला. बटण नसलं की बाजूला. मग म्हणायची एवढ्याला पातेलं नाही, तांब्या देते. आम्ही वर एक साडी टाकायचो. तिने कधी वजन नाही केलं हो, पण तिच्या हाताला बरोबर कळायचं. मृण्मयी, तुझं गिऱ्हाईक उजेडाकडे धरू शकत नाही, हा फरक आहे. तेव्हा ते काम तूच करायला हवं.

अनघा_ठाणे
मी दोन्ही मुलांसाठी असे पाच-सहा लॉट घेतलेत त्यामुळे घेणाऱ्याच्या बाजूने सांगते. माझा सगळ्यात मोठा वैताग म्हणजे "० ते २ वर्षे". सात महिन्यांचं बाळ असलेल्या बाईला त्यातला अर्धा लॉट आधीच लहान झालेला असतो आणि पाव लॉट वर्षभर कपाटात ठेवायचा. म्हणजे २५०० देऊन ती आजच्या वापराचे पंधराच कपडे घेतेय, आणि नागपूरच्या ताई अगदी तेच म्हणाल्या. शिवाय सीझन जुळावा लागतो. सहा ते बारा महिन्यांच्या साइजचं स्वेटर माझं बाळ त्या वयात मे महिन्यात असेल तर काय कामाचं? म्हणून आधी साइजप्रमाणे लॉट तोड. सहा-सहा महिन्यांचा एक. लहान लॉट लवकर जातात.

वजनाबद्दल माझं मत, मला ते कधीच उपयोगी पडलं नाही. फोटो बघते, नग बघते, बास.

सूतगिरणी_इचल
मी इचलकरंजीत २२ वर्षं सुताच्या टेस्टिंगमध्ये काम केलंय, तेव्हा वजन हा माझा विषय आहे, थोडं सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

अनघाताई, वजन एकटं उपयोगाचं नाही हे खरं. पण वजन आणि नग एकत्र असले की ते एकमेकांचे साक्षीदार होतात. वजनाला नगांनी भागा. बाळाचं सुती झबलं ३०-४० ग्रॅम भरतं. वर्षाच्या आतल्या बाळाची वनझी ७० च्या आसपास. दीड-दोन वर्षांच्या पोराचा टी-शर्ट ८०-९०, साधा सुती फ्रॉक १०० ते १३०, छोटी जीन्स किंवा डंगरी २०० च्या वर, स्वेटर लोकरीप्रमाणे १५० ते २५०. आता मृण्मयीताईंची मूळ जाहिरात घ्या. साडेचार किलो भागिले ५४ म्हणजे नगाला ८३ ग्रॅम. आकडा ठीक दिसतो. पण त्यात मोजे-टोप्या आहेत म्हटल्यावर ते वजन थोड्या कपड्यांवर येतं आणि नगाला सरासरी आणखी वर जाते. मग मी विचारलं असतं की ० ते २ मध्ये झबली असताना सरासरी एवढी कशी, यात जीन्स-स्वेटर जास्त आहेत का? म्हणजे आकडे कुठेतरी जुळत नाहीत हे कपडे न बघता समजतं.

उलटंही होतं. कोणी लिहिलं "३ ते ४ वर्षे, ४० कपडे, २ किलो". सरासरी ५० ग्रॅम. त्या वयाच्या कपड्यांची सरासरी ५० येऊच शकत नाही. एकतर साइज लहान आहे, नाहीतर नगांत चड्ड्या-बनियन-मोजे भरलेत, नाहीतर कापड धुवून धुवून विरलंय.

परागराव, किलोने विकायच्या कल्पनेत मला एकच अडचण दिसते. पुस्तकाचा कागद जड असला म्हणून पुस्तक वाईट होत नाही. कपड्यांत किलोचा भाव लावला की एका जीन्सला सहा झबल्यांचे पैसे पडतात, आणि बाळाच्या आईला हवी असतात झबली. तुमच्या ३०० रुपये किलोत झबलं दहा रुपयाला जाईल आणि ७५ रुपयांची जीन्स कोणी घेणार नाही, कारण त्या वयाला जीन्स कोण घालतं? वजन पडताळणीसाठी ठेवा, भावासाठी नको.

पराग७८
@सूतगिरणी, पण जड कापड टिकतं जास्त, मग त्याला जास्त पैसे यात चूक काय? मी मुलाचे कपडे हातात घेऊनच घेतो, जड असलं की चांगलं.

सूतगिरणी_इचल
एकाच प्रकारात, एकाच साइजमध्ये तुलना केली तर तुमचं बरोबर आहे. दोन टी-शर्ट सारख्या मापाचे, एक ९५ ग्रॅम एक ७० ग्रॅम, तर ९५ वाला मीही घेईन. पण मिसळलेल्या लॉटमध्ये ते कसं समजणार?

दीपक_कुरिअर_नागपूर
मी काउंटरवर बसतो, रोज कपड्यांची पार्सलं येतात. तुमची गोष्ट वाचून एक विचारायचंय, ताई, तुम्ही लॉट बॉक्समध्ये पाठवला होता का? बॉक्सचं माप काय होतं? कारण कपड्यांच्या पार्सलात लोक मार खातात तो काट्यावर नाही, टेपवर खातात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हे आलं आकारमानाचं वजन. बहुतेक ठिकाणी हे आणि काट्याचं यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात.

मृण्मयी_पुणे
@दीपक, हो, घरात मिक्सरचा मोठा बॉक्स होता त्यात. आत्ता मोजला, ४० बाय ३५ बाय २५. पावतीवर ७ किलो लावलेत! मला वाटलं होतं त्यांची काहीतरी चूक झाली.

दीपक_कुरिअर_नागपूर
चूक नाही ताई. ४० × ३५ × २५ म्हणजे ३५०००, भागिले ५००० बरोबर ७. कपडे ४ किलोचे आणि तुम्ही ३ किलो हवा पाठवली. हेच कपडे घट्ट गुंडाळून जाड कुरिअर बॅगेत भरले, वरून हाताने दाबून हवा काढली, तर ३८ × ३० × १८ मध्ये बसतात, म्हणजे ४ किलो १०० ग्रॅम. तेव्हा जाहिरातीत कपड्यांचं वजन लिहा आणि पॅक झाल्यावर पार्सलचं माप वेगळं लिहा. दोन्ही एकत्र केलं की भांडण ठरलेलं. पार्सलवरचं वजन बघून माणूस म्हणतो ७ किलो लिहिलंय आणि आतून ४ निघाले. माझ्यासमोर झालेत असे वाद.

हॅम्बुर्गकर
इकडे जर्मनीत हे फार नेहमीचं आहे म्हणून लिहितो. बालवाडीत वर्षातून दोनदा कपड्यांचा बाजार भरतो, विकणाऱ्याला नंबर मिळतो, प्रत्येक कपड्यावर नंबर-साइज-किंमत लावून द्यायचं, विक्रीतला काही हिस्सा बालवाडीला जातो. ऑनलाइन लॉटही भरपूर विकतात आणि सगळे एकाच पद्धतीने लिहितात, "साइज ७४/८०, ३० नग". इथे साइज म्हणजे वय नाही, बाळाची उंची सेंटिमीटरमध्ये. ६२, ६८, ७४, ८०, ८६, ९२ अशी सहा-सहाने चढत जाते. ७४ साधारण सहा ते नऊ महिने, ८० नऊ ते बारा, ८६ दीड वर्षापर्यंत. पण आमची मुलगी अकरा महिन्यांची असताना ७४ घालायची, आणि ते आम्हाला दारातल्या उंचीच्या खुणेवरून कळायचं, वाढदिवसावरून नाही.

अजून एक, जाहिरातीत बरेचदा "घरात कोणी सिगरेट ओढत नाही, पाळीव प्राणी नाहीत" असंही लिहितात. मला आधी नवल वाटायचं, मग एकदा धुराचा वास मारणारा लॉट आला आणि तीन धुण्यांनंतरही गेला नाही, तेव्हा पटलं. वजन मात्र इथे फारसं कोणी लिहीत नाही.

अनघा_ठाणे
@हॅम्बुर्गकर, उंचीची पद्धत छान आहे. आपल्याकडे तर एका ठिकाणचं "६-१२ महिने" दुसऱ्या ठिकाणच्या "१२-१८" एवढं असतं, आणि दुकानातल्या १६-१८-२० नंबरांची तर कथाच वेगळी.

सूतगिरणी_इचल
आणि त्यावर सुती कापड आटतं, ते लेबलवर कुठे असतं? लेबल बघू नका, टेप घ्या. कपडा सपाट टेबलावर पसरायचा, ताणायचा नाही, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, आणि खांद्यापासून खालपर्यंत लांबी. पायजम्याला कंबर सपाट आणि आतली शिवण. ही मापं प्रत्येक नगाची नको, साइजच्या प्रत्येक गठ्ठ्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा एवढं पुरे. माझ्या नातवाचा १२-१८ चा टी-शर्ट काखेत २७ सेंटिमीटर होता, दहाबारा धुण्यांत २४ झाला, लेबल तेच. नव्या आईने काय समजायचं?

सिस्टर_शुभांगी
नाशिकला नवजात विभागात नर्स आहे. सगळे आकड्यांत गुंतलेत म्हणून मधेच विचारते, मृण्मयी, ते कपडे दोन वर्षं ठेवले कशात होते? डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या का?

पराग७८
गोळ्या टाकल्याच पाहिजेत, नाहीतर कसर लागते. आम्ही मुलांच्या सगळ्या बॅगांत टाकतो. वास म्हणजे कपडे नीट ठेवल्याची खूण.

सिस्टर_शुभांगी
परागदादा, मोठ्यांच्या कपड्यांचं एक वेळ ठीक आहे, तान्ह्या बाळांच्या कपड्यांत नको. त्या पांढऱ्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, आईबापांना बरेचदा माहीतही नसतं. अशा बाळाला गोळ्यांचा वास भरलेले कपडे घातले, दुपट्यात गुंडाळलं, तर तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि कावीळ जोरात चढते. एकदा तर बाळ चौथ्या दिवशी घरी गेलं आणि सातव्या दिवशी गडद पिवळं होऊन परत आलं, आजीने मोठ्या हौसेने ट्रंकेतली जुनी कुंची-झबली काढली होती. ते बाळ वाचलं पण रक्त बदलावं लागलं.

म्हणून जाहिरातीत एक ओळ हवीच, "गोळ्या वापरलेल्या नाहीत". वापरल्या असतील तर तसं स्पष्ट लिहा आणि सहा महिन्यांच्या आतल्या साइजचे कपडे लॉटमध्ये घालूच नका. एक धुणं काढलं की वास गेला असं धरून चालू नका. बंद पिशवीत रात्रभर ठेवून सकाळी तोंड उघडून वास घ्या, आला तर अजून आहे. पुढच्या वेळी कडुनिंबाचा वाळका पाला किंवा मलमलच्या पुरचुंडीत लवंगा ठेवा, पण मुळात कपडे खडखडीत वाळवून ठेवले तर फार काही लागत नाही.

पराग७८
हे खरंच माहीत नव्हतं. बहिणीला सातवा महिना आहे आणि तिला आमचीच बॅग द्यायची होती. आजच काढतो बाहेर.

मृण्मयी_पुणे
@सिस्टर, नाही, गोळ्या नव्हत्या. कपडे व्हॅक्यूमच्या प्लास्टिक पिशवीत होते. पण मग डागांचं काय? मी भरताना खरंच पांढरेशुभ्र होते हो.

परसातली_जाई
दुधाचे डाग गं ते. पोर गुळणी टाकतं, आपण धुतो, दिसत नाही, पण धाग्यात राहतं आणि ठेवणीत पिवळं होतं. माझ्या सासूबाई म्हणायच्या ठेवणीतला कपडा वर्षाने खरं बोलतो.

सूतगिरणी_इचल
जाईताईंचं बरोबर आहे. दुधातली चरबी आणि प्रथिनं धुण्यात पूर्ण निघत नाहीत, पुढे हवेशी हळूहळू प्रक्रिया होऊन पिवळी पडतात. म्हणजे ग्रेड आपण ठेवताना ठरवली तरी विकताना परत तपासायची. मृण्मयीताई खोटं बोलल्या नाहीत, त्यांची ग्रेड शिळी झाली होती.

बरेचसे डाग निघतील. गार पाण्यात एन्झाइमवाली पावडर घालून रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सुती कपड्यांना ऑक्सिजनची पावडर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, कोमट पाण्यात, आणि मग ओलेच उन्हात टाका. क्लोरीनचं ब्लीच नको, कापड आणि इलॅस्टिक दोन्हीची वाट लागते. निघाले नाहीत तर ते कपडे सगळ्यात खालच्या ग्रेडमध्ये.

अनघा_ठाणे
ग्रेडचं बोला आता. "उत्तम कंडिशन" याला काही अर्थ नाही, माझ्याकडे "उत्तम" म्हणून गुडघ्याला भोक असलेला पायजमा आलाय. मी स्वतः विकताना असं करते. टॅगसकट नवा वेगळा. अ म्हणजे कुठे बाहेर नेताना घालता येईल. ब म्हणजे रंग थोडा उतरलाय, बारीक गोळे आलेत, घरात चालेल. क म्हणजे डाग आहे, इलॅस्टिक सैल आहे किंवा बटण नाही, पण मातीत खेळायला चालेल. त्याखाली काही विकायचं नाही. आणि पूर्ण लॉटला एक ग्रेड न देता किती अ, किती ब, किती क हे लिहायचं.

परसातली_जाई
माझं मत वेगळं. क विकूच नको, ते फरशी पुसायला. घेणाऱ्याच्या मनात शेवटी तेच एक फडकं राहतं.

हॅम्बुर्गकर
मी अनघांच्या बाजूने. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला चिखलातले कपडेच जास्त लागतात, आम्ही क मुद्दाम शोधतो. फक्त ते वेगळे सांगितलेले हवेत. तसंही लॉटची ग्रेड त्यातल्या सगळ्यात खराब कपड्याची धरावी असं मला वाटतं.

अनघा_ठाणे
@हॅम्बुर्गकर, नाही पटत. ४० मधले दोन क असले तर पूर्ण लॉट क म्हणायचा? कोणी उघडून बघणारच नाही.

मृण्मयी_पुणे
मंडळी, आज सुट्टी काढून सगळं बाहेर काढलं. जेवणाच्या टेबलावर चादर टाकून, स्वयंपाकघरातला ग्रॅमवाला काटा घेऊन. आधी नग. मोजे ४ जोड्या, टोप्या २, लाळेरी २, हे आठ मी कपड्यांत धरले होते. ते काढले तर ४६ कपडे. झबली ८, वनझी १०, टी-शर्ट ९, लेगिंग आणि पायजमे ९, फ्रॉक ६, डंगरी २, स्वेटर २. कपड्यांचं वजन ३ किलो ९१०, किरकोळ सामान २०० ग्रॅम, एकूण ४ किलो ११०. नागपूरच्या ताईंचा आकडा अगदी बरोबर होता.

आणि माझे साडेचार कुठून आले तेही सापडलं. मी बाथरूमचा काटा वापरला होता आणि कपडे धुण्याच्या बास्केटमध्ये भरून ती बास्केटच काट्यावर ठेवली होती. बास्केट वजा केलीच नाही! आत्ता मोजली, ३१० ग्रॅम. अजून ८० ग्रॅमचा हिशोब लागत नाही.

सूतगिरणी_इचल
तो लागतो. एक तर बाथरूमचा काटा माणसासाठी असतो, ५० किलोला बरा, ४ किलोला शंभर-दोनशे ग्रॅम सहज इकडेतिकडे. दुसरं, तुम्ही जूनमध्ये मोजलं, पावसाळी हवेत. कापूस हवेतलं पाणी धरतो. सुताच्या धंद्यात म्हणूनच वजन कोरड्या सुतावर साडेआठ टक्के ओलावा धरून ठरवतात, नाहीतर कोकणात मोजलेलं सूत सोलापूरच्या उन्हाळ्यात कमी भरलं असतं आणि रोज भांडणं झाली असती. पावसाळ्यात हाताला कोरडा लागणारा सुती कपडा यापेक्षा दोन-चार टक्के जास्त पाणी धरून असतो, ४ किलोला शंभर-दीडशे ग्रॅम. पॉलिएस्टरमध्ये हे जवळपास नाही. म्हणून लॉटचं वजन उन्हात वाळवून, गार झाल्यावर करायचं आणि "४ किलो १००, शंभर ग्रॅम इकडेतिकडे" असं लिहायचं.

स्वयंपाकघरातला काटा छान, पण बरेचसे ५ किलोपर्यंतच मोजतात. चार-चार मूठ कपडे टाकून बेरीज करा. रिकामं पातेलं ठेवून आधी शून्य करा.

दीपक_कुरिअर_नागपूर
माझ्याकडे लोक बॅग लटकवायचा प्रवासाचा काटा आणतात, तोही बरा. आणि ताई, काट्याच्या आकड्यासकट लॉटचा फोटो काढा. नंतर कोणी काही म्हणालं तर दाखवायला.

झिपरी
मी मगाशी दान कर म्हणाले त्याबद्दल सॉरी, मी नीट वाचलं नव्हतं. पण एक विचारू का, माझ्याकडे मुलाची गोष्टींची पुस्तकं आहेत ३० एक, त्यांनाही हेच चालेल का? नग, वय, ग्रेड, वजन?

पराग७८
पुस्तकांना तर किलोचा भाव चालतो असं मी आधीच म्हणालो :) रद्दीवाला तेच करतो.

अनघा_ठाणे
@झिपरी, पुस्तकांना वजन फक्त पार्सलसाठी लागेल, ती जड असतात आणि आकाराने लहान, म्हणजे तिथे काट्याचंच वजन लागणार. पण प्रत्येक पुस्तकाचं नाव दिसेल असा फोटो टाक, कारण कपडे असेतसे चालतात, घरात आहे तेच पुस्तक परत नको असतं. आणि कोणत्या पुस्तकात रेघोट्या आहेत, कोणतं पान गेलंय ते लिही. पॉप-अपवाली असतील तर सगळे पॉप-अप उभे राहतात का बघ.

मृण्मयी_पुणे
तीन दिवसांनी परत आले. डागवाल्या तीन कपड्यांतला एक पूर्ण साफ झाला, दोघांवर अजून अंधुक पिवळं आहे. जाईकाकूंनी सांगितलं तसं प्रत्येक कपडा खिडकीत उजेडाकडे धरला तर एका लेगिंगचे गुडघे जाळीसारखे दिसले, हाताला अजिबात कळलं नव्हतं, ते काढून टाकलं. मग वयाप्रमाणे तीन गठ्ठे केले. मधल्याची जाहिरात अशी लिहिलीय, बघून सांगा:

"मुलीचे कपडे, ६ ते १२ महिने (उंची अंदाजे ६८ ते ८० सेंमी). १८ कपडे: वनझी ६, टी-शर्ट ४, लेगिंग-पायजमे ५, फ्रॉक २, स्वेटर १. सगळ्यात लहान टी-शर्ट काखेत २२ सेंमी, सगळ्यात मोठा २५. ग्रेड: अ ११, ब ५, क २ (दोन्ही वनझींवर गळ्याशी अंधुक दुधाचा डाग, फोटो सोबत). सोबत मोजे २ जोड्या, टोपी १, लाळेरी २, हे नगांत धरलेले नाहीत. वाळवून केलेलं वजन कपडे १ किलो ४२०, सोबतचं ११० ग्रॅम. पॅक केलेलं पार्सल ३० × २५ × १० सेंमी, १ किलो ६००. डांबराच्या गोळ्या वापरलेल्या नाहीत, घरात धूम्रपान नाही, मांजर आहे. ९०० रुपये, कुरिअर वेगळं."

सूतगिरणी_इचल
१४२० भागिले १८, नगाला ७९. त्या वयाला, एक स्वेटर धरून, अगदी योग्य. हे वाचून मी न बघता घेईन.

दीपक_कुरिअर_नागपूर
३० × २५ × १० म्हणजे दीड किलो, काट्यावर १ किलो ६००, म्हणजे काट्याचे पैसे. पण आमच्याकडे अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे आहेत, १६०० म्हटलं की २ किलोचे पैसे लागतील. मोजे, टोपी, लाळेरी सगळं काढून १५०० च्या आत बसवता आलं तर घेणाऱ्याचे पैसे वाचतील.

परसातली_जाई
मांजर लिहिलंस ते बरं केलंस. पण त्या दोन डागवाल्या वनझी काढच. सोळा कपडे, एकही डाग नाही, असं लिहायला किती छान वाटेल.

अनघा_ठाणे
काकू, नको ना काढायला लावू, त्याच मी घालीन माझ्या भाचीला घरात! मृण्मयी, मला या लॉटमध्ये इंटरेस्ट आहे, भाची आठ महिन्यांची आहे, उंची ७० सेंटिमीटर. फक्त त्या दोन वनझींचा जवळून फोटो टाक, आणि स्वेटर लोकरीचं आहे की ॲक्रिलिक?

मृण्मयी_पुणे
ॲक्रिलिक आहे. हाताने विणलेलं नाही, टोचत नाही. फोटो उद्या सकाळी टाकते गं, आत्ता ट्यूबच्या उजेडात डाग दिसतच नाहीयेत, ऊन आलं की खिडकीत धरून काढते. आणि नागपूरच्या ताईंना पण ही जाहिरात पाठवलीय, त्यांचं बाळ आता नऊ महिन्यांचं असेल. त्यांचं उत्तर आलं तर आधी त्यांना विचारेन, चालेल ना?

अनघा_ठाणे
चालेल. त्यांचा पहिला नंबर.